तीन एकरांचा वर्षाचा पीक तक्ता केलाय, चुका काढा

नांगरट

नमस्कार मंडळी. सलग तीन एकर, मध्यम काळी जमीन, एक विहीर. दरवर्षी पाऊस पडला की डोक्यात येईल ते पेरायचं, असं चाललंय. यंदा पेरणीआधी कागदावर मांडून बघायचं ठरवलंय. तक्ता खाली देतो. मनमोकळी टीका करा.

| पीक | क्षेत्र | पेरणी | पाणी | एकरी उत्पादन | काढणी |
|---|---|---|---|---|---|
| सोयाबीन | २ एकर | जून | पावसावर | १० क्विंटल | सप्टेंबर |
| तूर | १ एकर | जून | पावसावर | ७ क्विंटल | जानेवारी |
| हरभरा | १ एकर | ऑक्टोबर | २ पाणी | १० क्विंटल | फेब्रुवारी |
| गहू | १ एकर | नोव्हेंबर | ४ पाणी | १६ क्विंटल | मार्च |
| कांदा | १ एकर | डिसेंबर (लागण) | १२ पाणी | १०० क्विंटल | एप्रिल |

सोयाबीनच्या दोन एकरांत पुढे हरभरा आणि गहू, तुरीच्या एकरात कांदा. रब्बीची एकूण अठरा पाणी होतात. दिवाळीला विहीर काठोकाठ असते, तेव्हा जमेल असं वाटतं.

बांधावरचा

तूर जानेवारीत निघणार आणि त्याच रानात डिसेंबरात कांदा लावणार? कांदा काय तुरीच्या डोक्यावर लावणार का?

नांगरट

😀 हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काढणी महिन्यात लिहिली, पण रान कधी मोकळं होतं ते लिहिलंच नाही.

पाटी_पेन्सिल

तक्ता छान आहे, पण एक्सेलमध्ये घ्या. रकान्यांना रंग द्या, खरीप हिरवा, रब्बी पिवळा, आणि वरची ओळ फ्रीज करा म्हणजे खाली सरकवलं तरी मथळे दिसतात. हवं तर माझ्याकडचा नमुना देतो.

गच्चीवरची_बाग

यात पालेभाज्या का नाहीत? माझ्या कुंड्यांत मेथी महिन्याभरात येते. छोट्या जागेत तीच फायद्याची.

नांगरट

ताई, तीन एकर आहे हो, तीन कुंड्या नाहीत. पण मेथीचं ध्यानात ठेवतो, घरापुरता एखादा वाफा करू.

वाफसा

नांगरटदादा, पिकांची निवड ठीक आहे. घोळ पाण्याच्या रकान्यात आहे. "१२ पाणी", "४ पाणी" हे हंगामाचे आकडे झाले. विहीर हंगामाच्या हिशोबाने चालत नाही. नोव्हेंबरात ती मागाल तेवढं देते आणि मार्चमध्ये हात आखडते. अठरा पाण्यांपैकी किती फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतात ते बघा, तक्ता तिथेच अडकतो.

तीन गोष्टी सांगा. विहिरीचा व्यास किती? पूर्ण उपसल्यावर चोवीस तासांत पाणी किती फूट चढतं, आणि तेही डिसेंबर, फेब्रुवारी, मार्च असं वेगवेगळं? पाटाने भिजवता की ठिबक आहे?

नांगरट

ताई, व्यास वीस फूट. पाटपाणी. चढ आम्ही कडेच्या दगडांवरून बघतो. डिसेंबरात साडेपाच फूट येतं. फेब्रुवारीत पावणेतीन. मार्चमध्ये पावणेदोन, एप्रिलमध्ये जेमतेम फूटभर. मे महिन्यात बघतच नाही.

वाफसा

वा, दगडांच्या खुणा असल्या की काम सोपं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. दुसऱ्या बाजूला, एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. एवढे दोन आकडे हाताशी असले की तक्ता बोलायला लागतो.

आता फेब्रुवारी. पावणेतीन फूट म्हणजे दिवसाला साधारण साडेचोवीस हजार लिटर, महिन्याचे सुमारे ६ लाख ८५ हजार. ही झाली जमा.

खर्च असा. गहू १५ नोव्हेंबरला पेरला तर मुकुटमुळं फुटण्याचं पाणी ६ डिसेंबरच्या आसपास, दुसरं डिसेंबरअखेर, तिसरं १७ जानेवारीच्या सुमारास आणि दाणे भरतानाचं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. पाटाने एका पाळीला ६० मिमी धरा, म्हणजे एकराला जवळपास २ लाख ४० हजार लिटर. कांद्याला पाळी हलकी असते, ५० मिमी धरली तरी एकराला २ लाख होतात. फेब्रुवारीत दहा दिवसांनी एक, अशा तीन पाळ्या म्हणजे ६ लाख. गहू आणि कांदा मिळून ८ लाख ४० हजार. विहीर देणार ६ लाख ८५ हजार.

मार्चमध्ये गहू सुटलेला असतो, पण ऊन वाढल्याने कांद्याची पाळी आठ दिवसांवर येते. शेवटचे पंधरा-वीस दिवस पाणी तोडायचं असतं, त्यामुळे २५ तारखेपर्यंत तीनच पाळ्या धरू. त्याही ६ लाखांच्या. विहीर मार्चभर मिळून देते ४ लाख ८० हजारांच्या घरात. म्हणजे गहू काढून टाकला तरी एकरभर कांदा मार्चमध्ये तहानलेला राहणार, आणि नेमकी तेव्हाच गाठ पोसते.

ठिबकवाला

एवढा हिशोब कशाला? कांद्याला ठिबक टाका. पाणी निम्म्यावर येतं. एकर काय, दोन एकर कांदा करा. आमच्याकडे सगळे करतात.

वाफसा

ठिबकवाले दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. पाटात मुरणारं, वाफ्याच्या तोंडाशी साचणारं, मुळांच्या खाली जाणारं पाणी ठिबकने वाचतं. पण पानातून हवेत जाणारं पाणी ठिबकने कमी होत नाही. ते उन्हावर आणि वाऱ्यावर ठरतं. मार्चमध्ये भरात असलेला कांदा दिवसाला ५ मिमी तरी खातो. एकराला ते वीस हजार लिटर झाले. विहीर तेव्हा दिवसाला साडेपंधरा हजार देते. शून्य नासाडीचं ठिबक बसवलं तरी एकर भिजत नाही, मग दोन एकर कुठून भिजणार?

तुमच्याकडे सगळे करतात ते कालव्याखाली असतील किंवा शेततळं भरून ठेवत असतील. साठा असला की गणित बदलतं. इथे साठा नाही, फक्त रोजची आवक आहे.

ठिबकवाला

शेततळं आहे आमचं, हो. पण ठिबक नको असं तरी म्हणू नका.

वाफसा

म्हणत नाहीच. अर्ध्या एकराला ठिबक घाला, उरलेल्या पाण्यावर रात्री निवांत झोपा.

गोठा_२४

आमची सहा जनावरं आहेत. आमच्या तक्त्यात धान्याच्या आधी वैरण येते. तुम्ही कडब्याचा रकानाच ठेवला नाही. मी दरवर्षी वीस गुंठे रब्बी ज्वारी ठेवतो, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरली की विहिरीचं पाणी मागत नाही. दाणा थोडा कमी-जास्त होतो, पण कडबा वर्षभर पुरतो. मुद्दा जनावरं असतील तरच, नसतील तर सोडून द्या.

नांगरट

दोन गायी आहेत. वैरण विकतच आणतो. मग ताई, कांदा वीस गुंठे आणि उरलेल्या वीस गुंठ्यांत ज्वारी, असं?

वाफसा

जमतंय. फेब्रुवारीत गव्हाचे २ लाख ४० हजार आणि अर्ध्या एकर कांद्याचे ३ लाख, एकूण साडेपाच लाखांच्या आत. मार्चमध्ये फक्त कांद्याचे ३ लाख. शिल्लक राहते ती पाटाच्या गळतीला आणि वीज नसलेल्या रात्रींना जाईल.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. विहीर जशी भरते तसा झरा मंदावतो. दोन दिवस उपसा केला नाही तर साडेपाच फूट अधिक साडेपाच फूट मिळत नाही, त्याहून कमी मिळतं. तक्त्यातली आवक रोज उपसलं तरच खरी.

बांधावरचा

तीस गुंठे कांदा धरला तर? फेब्रुवारीत साडेचार लाख अधिक गव्हाचे २ लाख ४०, म्हणजे ६ लाख ९०. जमा ६ लाख ८५. पाच हजारांनी काय अडतंय? मार्चमध्येही साडेचार लाख बसतात.

वाफसा

कागदावर बसतंय. पण मोटर चार दिवस जळाली तर? मी वीसवरच थांबेन. तुम्ही तिसावर जाल, हे मला ठाऊक आहे. 😀

बांधावरचा

जाणारच. मोटर जळायची ती वीस गुंठ्यांतही जळते.

नांगरट

आता तुरीचं काय करू? आई म्हणते तूर हवीच, पानगळीने रान सुधारतं.

बांधावरचा

सोयाबीनमध्ये पट्ट्याने तूर घ्या. सोयाबीन निघालं की तूर उभी राहते, वेगळं रान लागत नाही.

वाफसा

पण त्याच रानात नोव्हेंबरात गहू पेरायचाय ना? तुरीच्या ओळी उभ्या असताना सपाट वाफे कसे पाडणार? आणि भिजवायला लागलात तर भारी रानात तुरीला पाणी जास्त होऊन झाडं मर रोगाने वाळायला लागतात. ज्या तुकड्यात रब्बी घ्यायची नाही तिथे तूर शोभते. या तीन एकरांत तसा तुकडा उरलेला नाही. बांधाच्या कडेने ओळ लावा, आईंचं मन राहील.

कांदा-ज्वारीच्या एकरात खरिपाला मूग घ्या. साठ-पासष्ट दिवसांत निघतो, जूनअखेर पेरला तर ऑगस्ट सरतासरता रान मोकळं. ज्वारीला वेळ मिळतो, कांद्याचं रान तयार करायला तर तीन महिने.

गोठा_२४

मुगाला ऑगस्टचा पाऊस लागला तर शेंगेतच मोड येतात हे लिहून ठेवा. आमचा गेल्या खेपेला तसाच गेला. पिकलेल्या शेंगा दोन-तीन तोड्यांत तोडल्या तर वाचतो, सगळं एकदम पिकायची वाट बघू नये.

पाटी_पेन्सिल

रंगांचं जाऊ द्या, आता खरा मुद्दा कळला. "पेरणी: जून" असं महिन्याने लिहू नका. पाऊस १० जुलैला आला तर पुढचं सगळं सरकतं आणि तक्ता जुन्याच तारखा दाखवत बसतो. पेरणीची तारीख आणि पिकाचे दिवस लिहा, काढणी तक्त्यालाच काढू द्या. B मध्ये पेरणीची तारीख, C मध्ये दिवस, D मध्ये एकर, E मध्ये एका पाळीचे मिमी.

```
काढणी सुरू:       =B2+C2
रान मोकळं:        =B2+C2+10
एका पाळीचे लिटर:  =D2*E2*4047
```

डावीकडचं नाव नको, = पासून पुढचं तेवढं खान्यात टाका. पेरणीची तारीख बदलली की बाकीचं आपोआप हलतं.

नांगरट

हे भारी आहे. शंभर दिवसांचं सोयाबीन २० जूनला पेरलं तर २८ सप्टेंबर दाखवतंय, १० जुलैला पेरलं तर १८ ऑक्टोबर. वर रान मोकळं व्हायला दहा दिवस, म्हणजे २८ ऑक्टोबर. मी आपलं बिनधास्त "सप्टेंबर" लिहिलं होतं.

वाफसा

म्हणूनच पाऊस लांबला तर काय, याची एक ओळ तक्त्याखाली आत्ताच लिहून ठेवा. रान २८ ऑक्टोबरला मोकळं झालं तर गव्हाला काही होत नाही. हरभऱ्याची ओलीवर पेरायची वेळ मात्र टळलेली असते, त्यामुळे रान ओलवून वाफशावर पेरावा लागतो. पाण्याच्या रकान्यात नोव्हेंबरला आणखी एक पाणी लिहायचं. नोव्हेंबरात विहीर भरलेली असते, परवडतं. शिवाय पावसाने जुलैची ५ तारीख ओलांडली तर एकशे पाच दिवसांच्या वाणाचा हट्ट सोडा, जेएस ९३-०५ सारखा नव्वदीच्या आसपास निघणारा घ्या.

आणि ते +१० सगळ्याच पिकांना सारखं नाही. सोयाबीनची पानं गळून शेंगा तपकिरी झाल्या, झाड हलवल्यावर दाणे खुळखुळायला लागले, की हातात आठवडा-दहा दिवस. त्यापुढे उन्हात शेंगा तडकून दाणे रानात. कांद्याच्या निम्म्या माना पडल्या की काढायला घ्यायचा, सगळ्यांची वाट बघायची नाही. गहू थोडा थांबतो, पण मार्चमध्ये गारपिटीचा भरवसा नाही.

ठिबकवाला

उत्पादनाचे आकडे मला ठीक वाटतात. पुस्तिकेत सोयाबीन एकरी दहा-बारा दिलेलं असतं.

वाफसा

पुस्तिकेतलं उत्पादन वेळेवर पेरणी, पूर्ण खत, चांगला पाऊस असताना निघालेलं असतं. नांगरटदादा, तुमच्या रानात आजवर किती निघालं?

नांगरट

सोयाबीन बऱ्या वर्षी नऊ, एरवी सहा, पाऊस फसला तेव्हा चार. गहू मोजून कधी ठेवला नाही, पोती आठवतात.

वाफसा

मग चार, सहा, नऊ असे तिन्ही लिहा. बियाणं-खताचा खर्च मधल्या आकड्यावर बेतायचा आणि चारावर घर चालेल का ते बघायचं. गव्हासाठी यंदा कापणीआधी रानाच्या मधोमध एक गुंठा दोरीने आखून वेगळा कापा आणि मळून वाळवून तोला. चाळीसने गुणलं की एकराचा अंदाज मिळतो. कडेचा गुंठा घेऊ नका, बांधालगतचा गहू नेहमी जोमदार दिसतो, आकडा फुगतो. सोयाबीन ओलं तोलू नका. १४ टक्के ओलीचं दहा क्विंटल १० टक्क्यांवर वाळलं की साडेनऊच्या आसपास भरतं.

नांगरट

सगळं धरून नवा तक्ता. आई आणि बांधावरचा दोघंही नाराज होतील, तरी टाकतो. मुगाचे, ज्वारीचे आणि कांद्याचे आकडे शेजाऱ्यांना विचारून धरलेत, गव्हाचा निव्वळ अंदाज.

| पीक आणि क्षेत्र | पेरणी आणि दिवस | पाणी, महिन्याने | कमी / मध्यम / बरं (एकरी क्विंटल) | रान मोकळं |
|---|---|---|---|---|
| सोयाबीन, २ एकर | २० जून, १०० | पावसावर | ४ / ६ / ९ | ८ ऑक्टोबर |
| मूग, १ एकर | २५ जून, ६५ | पावसावर | १ / २.५ / ४ | ८ सप्टेंबर |
| ज्वारी, २० गुंठे | २० सप्टेंबर, ११५ | ओलीवर | ३ / ५ / ७ आणि कडबा | जानेवारीअखेर |
| हरभरा, १ एकर | २५ ऑक्टोबर, १०५ | नोव्हेंबर १, डिसेंबर १ | ४ / ६ / ९ | फेब्रुवारीमध्य |
| गहू, १ एकर | १५ नोव्हेंबर, ११५ | डिसेंबर २, जानेवारी १, फेब्रुवारी १ | १० / १३ / १६ | मार्चमध्य |
| कांदा, २० गुंठे | १५ डिसेंबर लागण, ११५ | डिसेंबर ते मार्च, फेब्रुवारी ३, मार्च ३ | ७० / १०० / १३० | एप्रिलमध्य |

कांद्याचं रोप टाकायची तारीख कुठे लिहू, तेवढं सांगा.

वाफसा

कांद्याच्या वर वेगळी ओळ करा. लागणीआधी सात-आठ आठवडे, म्हणजे ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात गादीवाफ्यावर बी टाकायचं. नेमका तोच तुमच्या हरभरा पेरणीचा आठवडा आहे, माणसं किती लागतील ते आत्ताच बघा. हरभऱ्याला डिसेंबरात पाणी देताना हात आखडता घ्या, भारी रानात जास्त झालं की तो वाढतच जातो आणि घाटे कमी धरतो.

आणखी एक. समजा फेब्रुवारीत विहीर ठरल्यापेक्षा आधी खाली गेली, तर कोणाचं पाणी तोडायचं हे आत्ताच ठरवा. मी गव्हाचं शेवटचं तोडीन, कांद्याचं नाही. तोपर्यंत गव्हाला २१, ४२ आणि ६३ दिवसांची तीन पाणी मिळालेली असतात, चौथं चुकलं तर दाणा थोडा बारीक पडतो, पण पीक हातचं जात नाही.

बांधावरचा

मी उलट करीन. गहू घरचा आहे.

गोठा_२४

मार्चनंतर त्या एकरांत काहीच नाही? उन्हाळी भुईमूग बसेल की.

वाफसा

एप्रिलमध्ये विहिरीला फूटभर पाणी, दिवसाला नऊ हजार लिटर. भुईमूग तेव्हा दिवसाला सहा-सात मिमी मागतो. दहा गुंठे मोठ्या मुश्किलीने भिजतील, आणि गायींचं पाणीही त्याच विहिरीतून जातं ना?

नांगरट

हो, गायींचं त्यातूनच. ते तर मी कुठल्याच रकान्यात धरलेलं नाही. दोन गायींना उन्हाळ्यात दिवसाला किती लिटर धरू, गोठा_२४?

गोठा_२४

पिण्याचे एका गाईला सत्तर-ऐंशी धरा, दुभती असेल तर त्याहून जास्त. गोठा धुण्याचं वेगळं. विहिरीच्या मानाने काहीच नाही, पण मे महिन्यात तेवढंही निघालं पाहिजे. मे मध्ये दगड किती उघडे पडतात ते एकदा बघून या.